वाऱ्याच्या पावसात स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमधून पाणी घरात येतंय (घणसोली, १७ वा मजला)

खाडीकाठचा_निनाद

नमस्कार मंडळी. हॉलची खिडकी थेट पश्चिमेला, समोर ठाण्याची खाडी, मध्ये अडवायला काही नाही. ताबा २०२२ च्या शेवटी मिळाला. खिडकी अॅल्युमिनियमची, दोन ट्रॅकची स्लायडिंग, सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, चारी बाजूंनी ग्रॅनाइटची फ्रेम.

साधा पाऊस दिवसभर पडला तरी थेंब आत येत नाही. पण जोराचं वारं सुटलं की खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साठतं, चहाला उकळी यावी तसे त्यात बुडबुडे येतात आणि मग आतल्या पट्टीवरून पाणी सरळ सोफ्याच्या पाठीवर. शिवाय खिडकीच्या डाव्या कोपऱ्याखाली भिंतीवर वितभर ओल आहे. ती मात्र पाऊस चालू असताना दिसत नाही, दुसऱ्या दिवशी उमटते.

गेल्या वर्षी तक्रार केल्यावर बिल्डरची माणसं बाहेरून सिलिकॉन मारून गेली. त्यानंतर ओल तशीच आणि ट्रॅकचं पाणी उलट वाढलंय. आता एक जण म्हणतो पूर्ण खिडकी बदला, दुसरा म्हणतो वरती छज्जा काढा. काय करावं?

रंगारी_राजू

दादा, बदलू वगैरे नका. वीस वर्षं बाहेरची रंगकामं करतोय. खिडकीचं पाणी बाहेरूनच अडवायचं असतं, आतून कितीही लावा उपयोग नाही. झुल्यावर माणूस सोडा आणि चौकटीभोवती, खालच्या पट्टीला, जिथे जिथे फट नाहीतर भोक दिसेल तिथे सिलिकॉन भरून घ्या. आधीच्या सिलिकॉनवरच अजून एक हात मारला तरी चालतो. बिल्डरच्या माणसांनी कंजूषपणा केला असणार.

नौपाड्याचे_अरुणकाका

आमच्याकडेही हाच त्रास. मागच्या दाराची सागवानी चौकट आणि पल्ला दोन्ही पावसाळ्यात फुगतात. दार लावायला खांदा द्यावा लागतो. सुताराला बोलावून रंधा मारून घ्यावा म्हणतो. निनाद, तुमची चौकट कुठल्या लाकडाची आहे?

खाडीकाठचा_निनाद

काका, माझी अॅल्युमिनियमची आहे, लाकूड नाही. पण तुमचाही प्रश्न इथेच असू द्या, कोणीतरी सांगेल.

रबाळ्याचा_फॅब्रिकेटर

राजूभाऊ, बाहेरून अडवायचं हे तुमचं बरोबर. पण "भोक दिसेल तिथे भरा" यानेच निनादरावांचं काम बिघडलेलं दिसतंय.

स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाणी येणारच. तिथे रबर दाबून बसत नाही, पल्ला सरकायला हवा म्हणून नुसता ब्रश असतो, आणि ब्रश पाणी अडवत नाही. म्हणून ट्रॅक म्हणजे पाणी धरायची पन्हळच असते, आणि ते पाणी बाहेर जायला बाहेरच्या उभ्या पट्टीत खाली लांबट भोकं ठेवलेली असतात. सहा फुटी खिडकीला दोन-तीन तरी हवीत. दोन ट्रॅकच्या मधल्या पट्टीतही भोकं लागतात, नाहीतर आतल्या ट्रॅकचं पाणी बाहेरच्या ट्रॅकमध्ये जाणार कसं? बाहेरून सिलिकॉन मारणारा माणूस दोरीवर लटकलेला असतो. त्याला खालच्या पट्टीत फट दिसते, तो ती भरून टाकतो. पाण्याचा दरवाजाच बंद.

पल्ला सरकवून ट्रॅकमध्ये मोबाइलचा टॉर्च मारून बघा. भोकात पांढरं किंवा काळं रबरासारखं काही दिसतंय का? आणि दिसलं तर आतूनच पातळ तारेने किंवा जुन्या स्क्रूड्रायव्हरने काढता येतं. बाहेर वाकू नका, सतराव्या मजल्यावर खिडकी म्हणजे गंमत नाही.

अजून एक. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही. वरून चिकटल्यासारखं वाटतं, पण काही महिन्यांत पापुद्र्यासारखं सुटतं. जुनं कापूनच काढावं लागतं.

स्नेहलता_सिव्हिल

भोकं मोकळी असली तरी जोराच्या वाऱ्यात ट्रॅक भरू शकतो, हेही निनाद यांनी लक्षात घ्यावं. बुडबुड्यांवरून तेच दिसतंय. बाहेरची हवा त्याच भोकांतून आत घुसते आहे, पाण्याला बाहेर जाऊ देत नाही.

हिशोब सोपा आहे. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करून ०.६ ने गुणायचं, की पास्कलमध्ये दाब मिळतो. आणि १० पास्कल दाब म्हणजे साधारण १ मिलिमीटर पाण्याची उंची. ताशी ५४ किलोमीटर वारा म्हणजे सेकंदाला १५ मीटर, दाब १३५ पास्कल, म्हणजे पाणी १३-१४ मिमी उंच उभं राहील. ताशी ७२ ला हेच २४ मिमी होतं, आणि ताशी ९० ला ३७ मिमीच्या वर. ट्रॅकच्या आतल्या पट्टीची उंची यापेक्षा कमी असेल तर भोकं कितीही साफ ठेवा, पाणी पट्टीवरून उडी मारणार. वारा पडला की तेच पाणी आपोआप बाहेर निघून जातं.

हा हिशोब पूर्ण दाब खिडकीवर पडतो असं धरून केलाय. प्रत्यक्षात घरातला दाब किती आहे यावर फरक पडतो. इमारतींच्या भारासाठी आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरलाय, पण तो खिडकी उखडू नये म्हणून, गळू नये म्हणून नाही. तेवढ्या वाऱ्यात कोरडी राहणारी स्लायडिंग खिडकी मागू नका.

निनाद, आतल्या पट्टीची उंची ट्रॅकच्या तळापासून मोजून सांगाल का?

खाडीकाठचा_निनाद

मोजली. १९ मिमी. आणि टॉर्च मारून बघितलं, फॅब्रिकेटर दादा म्हणाले तेच. बाहेरच्या पट्टीत तीन भोकं आहेत, त्यातली दोन पारदर्शक सिलिकॉनने गच्च भरलेली. तिसऱ्यात माती.

मृणाल_खारघर

माझा स्वस्तातला उपाय सांगते, फुकट आहे. वादळी पाऊस आला की त्या खोलीचं दार लावून घ्या आणि घराच्या मागच्या बाजूच्या खिडक्या बंद करा, किचनचा एक्झॉस्ट फॅनही बंद. आमच्याकडे बेडरूमच्या खिडकीचं पाणी दार लावल्यावर लगेच थांबतं. मिस्टर हसायचे, आता तेच आधी जाऊन दार लावतात.

स्नेहलता_सिव्हिल

हसण्यासारखं काही नाही, मृणाल अगदी बरोबर सांगतायत. मागची खिडकी उघडी असेल तर घरातली हवा वाऱ्याच्या उलट बाजूने ओढली जाते, घरातला दाब उतरतो आणि पुढच्या खिडकीवर सगळा फरक येतो. दार लावलं की फटींतून शिरलेली हवा त्याच खोलीत कोंडते, दोन्हीकडचा दाब जवळ येतो. निनाद यांची खिडकी हॉलमध्ये आहे, तिथे दार नसेल, पण मागची गॅलरी बंद ठेवून नक्की फरक पडेल.

रंगारी_राजू

भोकांचं मान्य. आमची पोरं पण भरतात, आता सांगून ठेवतो. पण ताई, भिंतीवरच्या ओलीचं काय? ती तर ट्रॅकची नाही ना? तिथे तरी सिलिकॉनच लागणार.

रबाळ्याचा_फॅब्रिकेटर

ती ट्रॅकचीही असू शकते. हेच तपासायचंय. घाईने सिलिकॉनची नळी फोडण्याआधी हे करा, निनादराव.

कोरडा दिवस बघा. ट्रॅक ब्रशने आणि फडक्याने साफ करा. भोकं मोकळी करा आणि मग तीच आतल्या बाजूने चिकटपट्टीने तात्पुरती बंद करा. ट्रॅकमध्ये पाणी ओता, पट्टीच्या काठाच्या जरासं खाली राहू द्या, पेन्सिलने पातळीची खूण करा. अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर पाणी चौकटीच्या आतून खाली जातंय. ते दोनच ठिकाणांहून जातं. एक, चौकटीचे खालचे कोपरे, जिथे उभा आणि आडवा सेक्शन स्क्रूने जोडलेला असतो आणि जोडताना मध्ये सीलंट लावलेलं नसतं. दुसरं, खालच्या ट्रॅकमधून ग्रॅनाइटमध्ये मारलेले स्क्रू.

पातळी टिकली तर चिकटपट्टी काढा, पाणी झटकन बाहेर गेलं पाहिजे. मग चौकट आणि ग्रॅनाइट यांच्यातली फट तपासायची. बाहेरून पाइपने पाणी मारायचं तर खालून सुरुवात करायची. आधी खालचा सांधा दहा मिनिटं, मग बाजूंचे, शेवटी वरचा. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नक्की कुठून शिरलं हे कधीच कळत नाही. हे बाहेरचं काम मात्र दोरीवाल्या माणसाकडून, तुम्ही नाही.

नौपाड्याचे_अरुणकाका

माझ्या दाराचं राहिलंच.

ओळंबा_सुतार

काका, मी सांगतो. जुलैत रंधा मारू नका. लाकूड रेषांच्या आडवं फुगतं, लांबीत फारसं नाही. म्हणून पल्ला रुंदीला वाढून अडकतो. आता जेवढं तासाल तेवढी दिवाळीनंतर फट पडेल, आणि थंडीत तिथून वारा येईल. अगदीच लागत नसेल तर जिथे घासल्याची चकाकी दिसते तिथे नुसता पॉलिश पेपर मारा.

पल्ल्याची खालची आणि वरची कड बघा. रंगवाला पुढून-मागून रंगवतो आणि कडा कोऱ्या सोडतो, कारण दार उतरवावं लागतं. पाणी तिथूनच पितं लाकूड. एक बाजू रंगवलेली आणि एक कोरी असली की पल्ला नुसता फुगत नाही, वाकतो. लाकूड वाळल्यावर दार उतरवून सहाही बाजूंना प्राइमर आणि रंग द्या. आणि चौकटीचे पाय फरशीत गाडलेले आहेत का? असतील तर तेही पाणी ओढतात.

नौपाड्याचे_अरुणकाका

गाडलेलेच आहेत. डावा पाय नखाने टोचला तर भुसभुशीत लागतो.

ओळंबा_सुतार

मग तो खराब झालाय. तेवढा खालचा तुकडा तिरका कापून सागाचा नवा जोड लावायचा आणि फरशीपासून वर ग्रॅनाइटच्या ठोकळ्यावर उभा करायचा. पूर्ण चौकट काढायला सांगणाऱ्याकडून जरा जपून. पण आत वाळवी नाही हे आधी बघून घ्या, ते फोटोवरून नाही सांगता येणार.

खाडीकाठचा_निनाद

रविवारी उघडीप मिळाली, तपासून झालं. चिकटपट्टी लावून पाणी भरलं. अर्ध्या तासात पातळी ७ मिमी उतरली. ट्रॅकच्या तळाशी चार स्क्रू आहेत, नुसते मारलेले, वर काही लावलेलं नाही. डावीकडच्या शेवटच्या स्क्रूच्या डोक्याभोवती पाणी हळूच फिरताना दिसत होतं. त्या स्क्रूवर मेणाचा गोळा दाबून बसवला आणि पुन्हा भरलं, तर अर्ध्या तासात जेमतेम १ मिमी. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या कोपऱ्याखाली ओल गडद झालेली.

रबाळ्याचा_फॅब्रिकेटर

सापडलं. पाणी स्क्रूच्या भोकातून ग्रॅनाइटखाली जातंय, तिथल्या मसाल्यातून भिंतीत. म्हणून एक दिवस उशिरा दिसतं. उरलेला १ मिमी कोपऱ्यातून जात असेल, तिथेही लावा.

मी स्वतः जमेल तिथे पाणी धरणाऱ्या ट्रॅकमध्ये स्क्रू मारतच नाही. बाजूंना मारतो, कोपऱ्यापासून साधारण १५० मिमीवर पहिला आणि पुढचा ६०० मिमीच्या आत. खाली मारायचाच झाला तर भोकात आधी सीलंट, मग प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू, आणि डोक्यावर पुन्हा सीलंट. तुमच्याकडे स्क्रू एकेक काढा, भोक कोरडं करा, हेअर ड्रायर चालेल, आत सीलंट भरा आणि स्टेनलेस स्टीलचा स्क्रू परत बसवा. सगळे एकदम काढू नका.

सिलिकॉन न्यूट्रल घ्या. नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते काचेच्या कामाचं. सिमेंट-ग्रॅनाइटवर ते नीट धरत नाही आणि धातूलाही चांगलं नाही.

आता बाजूच्या स्क्रूंपाशी चौकट आणि ग्रॅनाइटमध्ये पॅकिंग आहे का ते बघा. नसेल तर स्क्रू कसला की चौकट ग्रॅनाइटकडे ओढली जाते. रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा. मध्ये ३-४ मिमीचा फरक असला तर पल्ला बंद असूनही कडेला फट राहते, ब्रश टेकतच नाही. दोन्ही कर्णही मोजा.

खाडीकाठचा_निनाद

वर १७९८, मध्ये १८०२, खाली १७९८. कर्ण सारखे. उजवीकडे मधल्या स्क्रूमागे सुरी घातली तर पूर्ण आत जाते, पॅकिंग नाही.

रबाळ्याचा_फॅब्रिकेटर

बरोबर, ४ मिमी ओढली गेलीय. मधला स्क्रू सैल करा, पट्टी घालून चौकट सरळ करा, मग हलका कसा.

वाशीचा_हर्षद

त्या फटीत पीयू फोम मारला की झालं की. यूट्यूबवर सगळे तेच करतात.

रबाळ्याचा_फॅब्रिकेटर

फोमने जागा भरते, पाणी अडत नाही. आणि फुगताना चौकटीला आत ढकलतो, तेव्हा हाच फरक उलट दिशेला येतो. मी फोम वापरतो, पण थोडा, पॅकिंग झाल्यावर आणि बाहेरून सीलंटचा सांधा ठेवूनच.

स्नेहलता_सिव्हिल

त्या बाहेरच्या सांध्याबद्दल राजूभाऊंसाठी. फटीत आधी फोमची गोल दोरी दाबायची, बॅकर रॉड म्हणून मिळते, फटीपेक्षा जराशी जाड. मग त्यावर सिलिकॉन, १० मिमी रुंद फटीत साधारण ५-६ मिमी खोल. दोरीला सिलिकॉन चिकटत नाही, म्हणून ते फक्त दोन्ही बाजूंना धरतं आणि चौकट उन्हात वाढली-आखडली की रबरासारखं ताणतं. पूर्ण खोल भरलं तर तळालाही चिकटतं आणि एका कडेने फाटतं. अॅल्युमिनियम दोन मीटरमागे ३० अंशांच्या फरकाला जवळजवळ दीड मिमी हलतं, यूपीव्हीसी त्याच्या तिप्पट हलतं.

रंगारी_राजू

हे पटलं ताई. मग आता १९ मिमीच्या पट्टीचं काय? ताशी ६०-६५ च्या पुढे तर पुन्हा येणारच ना पाणी?

स्नेहलता_सिव्हिल

हो. त्या उंचीचा हिशोब ताशी ६४ च्या आसपास संपतो. मी निनाद यांना सांगेन की आतल्या पट्टीवर अॅल्युमिनियमची एल पट्टी सीलंटवर बसवून ती ३५-४० मिमीपर्यंत उंच करावी, आणि बाहेरच्या भोकांवर झडपेच्या टोप्या बसवाव्यात.

रबाळ्याचा_फॅब्रिकेटर

ताई, पट्टी उंच केली की पल्ला काढता येत नाही. आमच्या बहुतेक सेक्शनमध्ये पल्ला वर उचलून खालून आत काढतात. धुवायला, रोलर बदलायला मग रडतात लोक. आणि त्या झडपा घणसोलीत चार महिन्यांत धुळीने चिकटतात, आजूबाजूला बांधकामं केवढी आहेत. मग भोक असून नसल्यासारखं.

स्नेहलता_सिव्हिल

एल पट्टी स्क्रूने नाही, काढता येईल अशी बसवा. झडपांचं धुळीचं मान्य, पण त्या नसतील तर बुडबुडे थांबणार नाहीत. वर्षातून दोनदा साफ करायला काय जातं?

रबाळ्याचा_फॅब्रिकेटर

साफ कोण करतं ते तुम्ही मला सांगा.

मृणाल_खारघर

निनाद, खर्चात पडण्याआधी बिल्डरला लेखी कळवलंत का? ताबा २०२२ चा, म्हणजे पाच वर्षं व्हायची आहेत. रेरा कायद्याच्या कलम १४ (३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत कारागिरीतला दोष कळवला तर ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यावा लागतो. तुम्ही स्वतः स्क्रू काढलेत की ते म्हणतील तुम्हीच खोललं.

खाडीकाठचा_निनाद

हे बरं सुचवलंत. सिलिकॉनने भरलेल्या भोकांचे, पेन्सिलच्या खुणेचे आणि त्या स्क्रूचे फोटो आहेत, ते जोडून उद्या पत्र देतो, ईमेलही करतो. पण ३० दिवस म्हणजे अख्खा पावसाळा. तोपर्यंत भोकं मी आतूनच मोकळी केली आहेत, त्याला कोणाची हरकत नसावी. स्क्रूवर मेण तसंच ठेवलंय.

काल संध्याकाळी बऱ्यापैकी वारं होतं. पाणी साठलं, पण काठाखाली राहिलं आणि वारा कमी झाल्यावर पाच मिनिटांत निघून गेलं. वाऱ्याचा वेग किती होता ते माहीत नाही, त्यामुळे एल पट्टीचं अजून ठरवलेलं नाही.

रबाळ्याचा_फॅब्रिकेटर

मेण चालेल तात्पुरतं, उन्हात मऊ होतं तेवढं बघा. बिल्डरची माणसं सीलंट लावायला आली तर भिंत ओली असताना लावू देऊ नका. दोन दिवस कोरडे मिळाले पाहिजेत. आणि दोरीवर माणूस चढण्याआधी बाहेरच्या भोकांवर आतून खडूने बाण काढून ठेवा, नाहीतर परत भरून जाईल.

नौपाड्याचे_अरुणकाका

ओळंबा, तुम्ही ठाण्यात कामं घेता का? पायाचा जोड एका दिवसात होईल ना? दार उघडं टाकून रात्र काढायची म्हणजे पंचाईत.

ओळंबा_सुतार

घेतो काका, पण आधी वाळवी बघायला येईन, मग सांगेन.